दोन्ही घटकांपेक्षा उशिरा उकळणारं मिश्रण: ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांचं प्रकरण

प्रयोगशाळेत वापरून झालेली द्रावकं परत मिळवायचं काम कुणाला फारसं आवडत नाही. त्या दिवशी ते एका विद्यार्थिनीकडे आलं. २०० मि.ली. ॲसिटोन आणि २०० मि.ली. क्लोरोफॉर्म एकाच बाटलीत जमा झालं होतं आणि ते वेगळं करायचं होतं. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ अंशांना. तिने काचेच्या कड्या भरलेला लांब स्तंभ लावला, आंच मंद ठेवली आणि वहीत लिहून ठेवलं: आधी ५६ अंशांना ॲसिटोन येईल, मग तापमान चढेल आणि ६१ अंशांना क्लोरोफॉर्म येईल.

सुरुवात तशीच झाली. ५६ अंशांच्या आसपास स्वच्छ ॲसिटोन थेंब-थेंब येत राहिलं. पण सुमारे ९५ मि.ली. जमल्यावर ते आटलं आणि थर्मामीटरचा पारा चढू लागला. तो ६१ वर थांबला नाही. पुढे सरकत सरकत ६४ अंशांच्या थोडं वर जाऊन तो स्थिर झाला आणि चंबू जवळपास रिकामा होईपर्यंत तिथून हलला नाही. दोन द्रव, दोघेही ६१ अंशांपर्यंत उकळून जाणारे, आणि त्यांचं मिश्रण मात्र ६४ अंशांना उकळत होतं.

तिने सगळ्यात आधी थर्मामीटरवर संशय घेतला आणि ते योग्यच होतं. उकळत्या पाण्यात तो बरोबर निघाला. त्या दिवशी हवेचा दाबही ७६० मि.मी.च्या जवळपास होता, म्हणजे तिथेही गडबड नव्हती. मग तिने ६४ अंशांना आलेल्या द्रवाचा अपवर्तनांक मोजला. शुद्ध ॲसिटोनचा सुमारे १.३६ असतो, शुद्ध क्लोरोफॉर्मचा १.४४५. हाती आलेला आकडा दोहोंच्या मधला होता. म्हणजे जे येत होतं ते शुद्ध क्लोरोफॉर्म नव्हतं. ते मिश्रणच होतं, आणि उकळताना त्याचं प्रमाण बदलत नव्हतं.

"सर, हे वेगळंच होत नाहीये," ती म्हणाली. तिथून आम्ही मागे, बाष्पदाबाकडे गेलो. कारण उत्कलन बिंदू हा परिणाम आहे, कारण बाष्पदाबात आहे. मिश्रणाचा एकूण बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका होतो तेव्हा ते उकळतं. मिश्रण उशिरा उकळत असेल, तर त्याच तापमानाला त्याचा बाष्पदाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

अपेक्षा कुठून येते? फ्रान्स्वा-मारी राउल्ट यांनी १८८७ साली मांडलेल्या नियमातून. द्रावणातल्या एखाद्या घटकाचा बाष्पातला आंशिक दाब म्हणजे त्याचा द्रवातला मोल अंश गुणिले त्याच तापमानाला शुद्ध असताना त्याचा बाष्पदाब:

p = x × p°

यामागचं चित्र साधं आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर निम्मे रेणू ॲसिटोनचे असतील, तर ॲसिटोनचं बाहेर पडणंही निम्म्यावर येतं. पण या चित्रात एक गृहीत दडलेलं आहे. ॲसिटोनच्या रेणूला शेजारी ॲसिटोन असो की क्लोरोफॉर्म, त्याला धरून ठेवणारी ओढ तेवढीच राहते, असं आपण मानून चाललेलो असतो. बेन्झीन आणि टोल्युईन या जोडीत हे बऱ्यापैकी खरं ठरतं, कारण ते रेणू एकमेकांसारखेच आहेत. अशा द्रावणाला आदर्श म्हणतात. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म ही जोडी त्या चौकटीत बसत नाही, आणि किती बसत नाही ते मोजलेल्या आकड्यांतून नेमकं दिसतं.

या जोडीचे आंशिक दाब यान झाविद्झकी या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने १९०० सालीच मोजले होते. मी त्या दिवशी फळ्यावर ५५ अंशांचे आकडे लिहिले, कारण ते आमच्या उकळत्या चंबूच्या जवळचे आहेत. या तापमानाला शुद्ध ॲसिटोनचा बाष्पदाब ७४१.८ मि.मी. असतो आणि शुद्ध क्लोरोफॉर्मचा ६३२.८ मि.मी.

| द्रवातला ॲसिटोनचा मोल अंश | ॲसिटोनचा दाब (मि.मी.) | क्लोरोफॉर्मचा दाब (मि.मी.) | एकूण (मि.मी.) |
|---|---|---|---|
| ०.११८ | ५४.९ | ५४८.१ | ६०३.० |
| ०.२३४ | ११०.१ | ४६९.४ | ५७९.५ |
| ०.३६० | २०२.४ | ३५९.७ | ५६२.१ |
| ०.५०८ | ३२२.७ | २५७.७ | ५८०.४ |

शेवटची ओळ आधी पाहू, कारण आमची बाटली जवळपास तिथेच होती. सारखं आकारमान घेतलं की ॲसिटोनचे २.७२ मोल आणि क्लोरोफॉर्मचे २.४८ मोल होतात, म्हणजे मोल अंश ०.५२. राउल्टच्या नियमाप्रमाणे ०.५०८ या प्रमाणाला ॲसिटोनचा दाब ३७७ मि.मी. असायला हवा होता, प्रत्यक्षात तो ३२३ आहे. क्लोरोफॉर्मचा ३११ हवा होता, तो २५८ आहे. एकूण ६८८ च्या जागी ५८०. राउल्टच्या रेषेखाली जाणं म्हणजे ऋण विचलन, आणि इथे ते शंभर मि.मी.पेक्षा मोठं आहे.

माझा आग्रह असतो की नुसता एकूण दाब पाहून थांबू नये. दोन्ही आंशिक दाब वेगवेगळे पाहावेत. इथे दोघेही खाली आलेत, आणि जवळपास सारख्याच प्रमाणात: ॲसिटोन अपेक्षेच्या ८६ टक्के, क्लोरोफॉर्म ८३ टक्के. एकाने दुसऱ्याला धरलं, तर दुसऱ्यानेही पहिल्याला धरलेलं असतं. हे निव्वळ योगायोगाने घडत नाही. ऊष्मागतिकीचा गिब्स-ड्यूहेम संबंध दोन घटकांच्या विचलनांना एकमेकांशी बांधून ठेवतो. म्हणून मोजमापात एक घटक संपूर्ण पट्ट्यात रेषेच्या खूप खाली आणि दुसरा बरोबर रेषेवर दिसला, तर आधी मोजमापातली चूक शोधावी.

आता तक्त्याची तिसरी ओळ. ॲसिटोनचा मोल अंश ०.३६ असताना एकूण दाब सगळ्यात कमी, ५६२ मि.मी. आहे. या ओळीत बाष्पाचं प्रमाण काढा: २०२.४ भागिले ५६२.१, उत्तर ०.३६. द्रवात जेवढं ॲसिटोन, तेवढंच बाष्पात. ही आकडेमोड मी त्या विद्यार्थिनीकडूनच करून घेतली, कारण हे स्वतःच्या हाताने निघाल्याशिवाय पटत नाही. बाष्प आणि द्रव एकाच प्रमाणाचे असतील, तर ऊर्ध्वपातनाला वेगळं करायला काही उरतच नाही. स्तंभ कितीही लांब घ्या. अशा मिश्रणाला स्थिरक्वथनी मिश्रण म्हणतात. वातावरणाच्या दाबाला या जोडीचं असं मिश्रण साधारण ६४.४ अंशांना उकळतं आणि त्यात वजनाने सुमारे २० टक्के ॲसिटोन असतं, म्हणजे मोल अंश ०.३४. तापमान बदललं की हे प्रमाण थोडं सरकतं, म्हणून ५५ अंशांचं ०.३६ आणि इथलं ०.३४ यांत विसंगती नाही.

त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना काय होतं तेही तक्त्यातच आहे. मोल अंश ०.५०८ असताना बाष्पात ॲसिटोन ०.५६, म्हणजे बाष्प ॲसिटोनने श्रीमंत. म्हणून आमच्या स्तंभाच्या टोकाला आधी ॲसिटोन आलं आणि चंबूतलं प्रमाण ०.३४ कडे घसरत गेलं. मोल अंश ०.२३४ असताना मात्र बाष्पात ॲसिटोन फक्त ०.१९ असतं. त्या बाजूने सुरुवात केली असती, तर आधी क्लोरोफॉर्म आलं असतं, जरी शुद्ध असताना ते उशिरा उकळणारं आहे! आणि चंबूत पुन्हा तेच मिश्रण उरलं असतं.

आधी किती ॲसिटोन मिळणं शक्य होतं, हेही आता सांगता येतं. क्लोरोफॉर्मचे २.४८ मोल आपल्याबरोबर ॲसिटोनचे सुमारे १.२८ मोल अडकवून ठेवतात. उरले १.४४ मोल, म्हणजे सुमारे १०६ मि.ली. तिच्या हाती ९५ आले होते. काम चोख झालं होतं, आणि ते तिला सांगणं गरजेचं होतं, कारण ती दिवसभर स्वतःचीच चूक शोधत होती.

मग धरून ठेवणारी ही ओढ नेमकी कसली? क्लोरोफॉर्मच्या कार्बनवर तीन क्लोरीन आहेत. ते इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतात, त्यामुळे त्याच कार्बनवरचा एकटा हायड्रोजन थोडा धन होतो. ॲसिटोनचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांनी समृद्ध आहे. दोघे जवळ आले की हायड्रोजन बंध तयार होतो. शुद्ध क्लोरोफॉर्ममध्ये त्या हायड्रोजनला असा चांगला ऑक्सिजन मिळत नाही, शुद्ध ॲसिटोनमध्ये ऑक्सिजनला असा हायड्रोजन मिळत नाही. भेट मिश्रणातच होते. म्हणून मिसळताना उष्णता बाहेर पडते, सारख्या मोलांच्या मिश्रणात एका मोलामागे सुमारे १.९ किलोज्यूल, आणि चंबू हाताला कोमट लागतो.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येते. मला ती तपासून पाहायला आवडते. फ्रीड्रिश डोलेझालेक यांनी १९०८ मध्ये सुचवलेली वाट इथे कामी येते. समजा, ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांच्या काही जोड्या द्रवात खरोखर बनल्या आहेत, आणि मोकळे ॲसिटोन, मोकळे क्लोरोफॉर्म व जोड्या या तिघांचं द्रावण मात्र आदर्श आहे. एकूण एक मोल मिश्रणात z मोल जोड्या असतील, तर मोकळ्या ॲसिटोनचा खरा मोल अंश असा:

(0.508 − z) / (1 − z) = 322.7 / 741.8

यातून z निघतो ०.१३. हाच हिशोब क्लोरोफॉर्मच्या दाबावरून स्वतंत्रपणे केला तर निघतो ०.१४. दोन वेगळ्या आकड्यांवरून एकच उत्तर येतंय, हे पाहून मला आजही समाधान वाटतं. म्हणजे या मिश्रणात कोणत्याही क्षणी प्रत्येक जातीचा साधारण चारातला एक रेणू जोडीत गुंतलेला आहे. मोल अंश ०.२३४ च्या ओळीवर तोच हिशोब केला तर दोन्हीकडून सुमारे ०.१० येतो, आणि दोन्ही ओळींतून जोडी बनण्याचा समतोल स्थिरांक १ च्या जवळपास निघतो.

पण सगळीकडे इतकं जुळत नाही, हेही सांगायला हवं. ॲसिटोनचा मोल अंश ०.५८२ असतानाचे दाब ४०५.९ आणि १९३.६ मि.मी. आहेत. तिथे ॲसिटोनवरून z ०.०८ येतो आणि क्लोरोफॉर्मवरून ०.१६. मोजमापातली छोटी चूकही इथे मोठी होऊन दिसते. शिवाय हे प्रारूपच खडबडीत आहे: रेणू फक्त जोड्यांनीच जगतात आणि बाकीच्या सगळ्या ओढी सारख्या आहेत, असं ते मानतं. जोड्यांच्या कल्पनेला दिशा म्हणून धरावं. तिच्यातून निघालेल्या z ला मोजलेली राशी समजू नये.

हायड्रोजनच कारणीभूत आहे याचा माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तो काढून टाकणं. क्लोरोफॉर्मच्या त्या एका हायड्रोजनच्या जागी चौथा क्लोरीन बसवला की कार्बन टेट्राक्लोराइड मिळतं. बाकी रेणू जवळपास तसाच. पण ॲसिटोनबरोबरचं त्याचं मिश्रण राउल्टच्या रेषेच्या वर जातं. ऋण विचलन नुसतं नाहीसं होत नाही, चिन्हच पालटतं.

ते का पालटतं हे समजलं की धन विचलनही समजलं. ॲसिटोनचे रेणू ध्रुवीय असल्यामुळे एकमेकांना बऱ्यापैकी धरून असतात. कार्बन टेट्राक्लोराइड किंवा कार्बन डायसल्फाइड मध्ये घुसलं की ते ॲसिटोनच्या शेजाऱ्यांची जागा घेतं, पण त्या ओढीची भरपाई करत नाही. सुटं झालेलं ॲसिटोन सहज बाहेर पडतं. गिब्स-ड्यूहेमच्या त्याच बांधणीमुळे दुसरा घटकही रेषेच्या वर जातो. ॲसिटोन आणि कार्बन डायसल्फाइड यांचं उदाहरण ठळक आहे: ३५ अंशांच्या आसपास शुद्ध ॲसिटोनचा बाष्पदाब सुमारे ३४४ मि.मी., कार्बन डायसल्फाइडचा ५१२, आणि मिश्रणाचा कमाल दाब सुमारे ६५५. दोघांपेक्षाही जास्त. म्हणून हे मिश्रण ३९ अंशांच्या थोडं वर, दोन्ही घटकांच्या आधीच उकळतं.

इथे एक इशारा, कारण परीक्षेत पाठ केलेलं वाक्य पुढे दगा देतं. 'मिसळताना उष्णता बाहेर पडली की ऋण विचलन, शोषली गेली की धन' हे बहुतेकदा चालतं, नेहमी नाही. इथेनॉल आणि पाणी २५ अंशांना मिसळलं तर उष्णता बाहेर पडते, तरीही दोन्ही घटक धन विचलन दाखवतात. उष्णतेबरोबर रेणूंच्या रचनेतली व्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, हीही हिशोबात असते. पाण्याचे रेणू इथेनॉलभोवती ज्या प्रकारे लागतात त्यात उष्णतेचा फायदा एन्ट्रॉपी खाऊन टाकते. निकाल बाष्पदाब देतो. उष्णता फक्त त्याची एक बाजू सांगते.

हे विचलन स्वतः मोजायचं असेल तर तीन गोष्टी फसवतात. पहिली, तापमान. ५५ अंशांजवळ एका अंशाच्या चुकीने ॲसिटोनचा बाष्पदाब सुमारे २५ मि.मी.ने बदलतो, आणि आपण शोधत असलेलं विचलन शंभराच्या आसपास आहे. दुसरी, विरघळलेली हवा. ती पुरती काढली नाही तर तिचा दाब आकड्यात मिसळतो, आणि ऋण विचलन आहे त्यापेक्षा लहान दिसतं. ओळखायची खूण अशी की शुद्ध द्रवाचा दाबही ज्ञात आकड्यापेक्षा जास्त येतो, म्हणून आधी शुद्ध द्रव मोजून घ्यावा. तिसरी फसवणूक बाटलीतच असते: विकत मिळणाऱ्या क्लोरोफॉर्ममध्ये टिकाऊपणासाठी बरेचदा अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेलं असतं. त्याचाही हायड्रोजन ॲसिटोनच्या ऑक्सिजनशी बांधला जातो. वजनाने ते थोडं वाटतं, पण इथेनॉलचा रेणू हलका असल्यामुळे मोलांत एक टक्का म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास होतं.

शेवटी बाटलीचं काय केलं ते सांगतो. तिने विचारलं, "सर, पाणी काढायला सोडियम हायड्रॉक्साइड घालू का?" मी जरा मोठ्या आवाजात नाही म्हणालो. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र असताना तीव्र अल्कली घातली तर दोघांमध्ये जोरदार, उष्णता फेकणारी अभिक्रिया होते आणि क्लोरोब्यूटेनॉल बनतं. बंद बाटली त्यात फुटू शकते. याच कारणाने ही दोन द्रावकं मुळात एका टाकाऊ बाटलीत जायलाच नको होती. अल्कलीचा एखादा अंश आधीच त्यात पडलेला असता तर आम्ही बाष्पदाबावर बोलायला बसलो नसतो.

वेगळं करायला आम्ही तिसरा घटक आणला, पाणी. ॲसिटोन पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं, क्लोरोफॉर्म मात्र एका लिटरमध्ये सुमारे ८ ग्रॅमच विरघळतं. ६४ अंशांचा भाग विलगन नरसाळ्यात घेऊन पाण्याने धुतला. एका धुण्याने भागलं नाही, कारण क्लोरोफॉर्म ॲसिटोनला सहज सोडत नाही. प्रत्येक धुण्यानंतर खालच्या थराचा अपवर्तनांक १.४४५ कडे सरकत गेला. तो हलायचा थांबल्यावर खालचा थर निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर सुकवला, गाळला आणि पुन्हा ऊर्ध्वपातनाला लावला. या वेळी पारा ६१ वर येऊन थांबला.

पाण्याबरोबर स्थिरकारी इथेनॉलही धुऊन गेलेलं होतं, आणि ते नसलेलं क्लोरोफॉर्म उजेडात व हवेत हळूहळू विषारी फॉस्जीन बनवतं. म्हणून तिने त्यात पुन्हा थोडं इथेनॉल घातलं, ते तपकिरी बाटलीत भरलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'क्लोरोफॉर्म, इथेनॉलसह. बाष्पदाब मोजण्यासाठी वापरू नये.'